तिचं ‘थँक्स’ आलं, आता पुढे?

*ताई, मी अमळनेरचा, वय २६. मे महिन्यात चोपड्याला मित्राच्या लग्नात एका मुलीशी ओळख झाली. नवरीची मैत्रीण, मूळची फैजपूरची, जळगावला एका पतसंस्थेत नोकरी करते. फोटो पाठवायच्या निमित्ताने नंबर दिले-घेतले. त्या दिवशी तिने आजीची जुनी महेश्वरी साडी नेसली होती, तसं तिनेच सांगितलं. बुफेच्या गर्दीत एका म्हाताऱ्या आजींना तिने खुर्ची आणून दिली आणि त्यांचं जेवण होईपर्यंत शेजारी बसून राहिली. मला ती फार आवडली. रात्री मी मेसेज केला, ‘खूप सुंदर दिसत होतीस.’ तिचं उत्तर आलं, ‘थँक्स’ आणि एक स्मायली. नंतर दोन-तीनदा डीपीची तारीफ केली, तर रिप्लाय आणखीच छोटे झाले. मित्र म्हणतो, मुलींना दिसण्याचीच तारीफ आवडते, अजून जोरात कर. बहीण म्हणते, दिसण्याचं बोलशील तर टपोरी वाटशील, स्वभावाचं बोल. नेमकं काय करू?*

*— एक वाचक*

तुझा मित्र आणि तुझी बहीण भांडताहेत ते तारीफ कशाची करायची यावरून. माझ्या मते तो प्रश्न नंतरचा. आधी दोन गोष्टी बघायच्या. जे लिहितोयस ते तू स्वतः पाहिलंयस का? आणि ज्याची तारीफ करतोयस त्यात तिचं स्वतःचं काही आहे का, म्हणजे तिने ठरवलेलं, निवडलेलं, केलेलं? या दोन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तर तारीफ दिसण्याची असो की वागण्याची, ती पोचते. उत्तर ‘नाही’ असेल तर बहिणीचा सल्ला पाळूनसुद्धा तुला पुन्हा ‘थँक्स’च मिळेल.

तुझा पहिला मेसेज वाईट नव्हता. मनापासून होता, सभ्य होता. फक्त त्याला ‘थँक्स’शिवाय दुसरं उत्तरच देता येत नव्हतं. तिने लिहायचं तरी काय? ‘हो, दिसत होते’? लग्नाच्या रात्री, सगळ्यांचे फोटो ग्रुपवर पडल्यावर, ‘सुंदर दिसत होतीस’ हे तिला आत्याने, वहिनीने आणि शाळेतल्या चार मैत्रिणींनी आधीच लिहिलेलं असतं. त्यांच्यात तुझा मेसेज कुठे वेगळा होता? तो पाठवायला तू त्या लग्नाला आलेला असायचीही गरज नव्हती, ग्रुपवरचा फोटो बघून कुणीही लिहिलं असतं.

दुसरं कारण जरा खोल आहे आणि ते आपल्याकडच्या मुलांच्या सहसा लक्षात येत नाही. लग्नाच्या वयातली मुलगी दिसण्याबद्दलचे शेरे फक्त प्रेमाने ऐकत नसते. घरात तिच्यासाठी स्थळं बघणं सुरू असतं किंवा लवकरच सुरू होणार असतं. उंची, वर्ण, चष्मा आहे का, फोटोत जाड तर दिसत नाही ना, हे सगळं तिच्यासमोर, तिच्याबद्दल, ती जणू तिथे नाहीच अशा थाटात बोललं जातं. पाहण्याच्या कार्यक्रमात चहा-पोहे घेऊन गेलेली कुठलीही मुलगी विचार. रावेर असो की शिरपूर, ‘मुलगी दिसायला चांगली आहे’ हे वाक्य तिला कौतुकापेक्षा निकालासारखं जास्त ऐकू येतं. मग एका जवळजवळ अनोळखी मुलाकडून तेच वाक्य चारदा आलं की तिला वाटतं, हाही बघायलाच आलाय. तुझ्या मनात तसं नव्हतं, हे मला दिसतंय. पण तिला कसं दिसणार?

म्हणून मित्राचं ‘अजून जोरात कर’ ऐकू नकोस. जोर वाढवला की तारीफ शरीराकडे सरकते. ओठ, फिगर, रंग. रंगाबद्दल तर चांगलंसुद्धा काही लिहू नकोस. ‘गोरी दिसतेस’ लिहिलंस तर ती जन्मभर ऐकत आलेल्या मोजमापात भर घातलीस. ‘सावळी असूनही छान दिसतेस’ असं लिहिणारी मुलं आहेत, आणि त्यांना मुलगी अचानक गप्प का झाली ते कळत नाही. त्या ‘असूनही’ने ती गप्प झालेली असते.

डीपीचंही तसंच. पहिल्यांदा ठीक. दुसऱ्या-तिसऱ्यांदा तिला वाटायला लागतं की हा माझा फोटो उघडून बसलेला असतो. तिच्या इन्स्टावर दोन वर्षांपूर्वीच्या फोटोपर्यंत जाऊन लाइक मारलंस तरी तेच होतं. स्टेटसची गोष्ट वेगळी आहे. ते २४ तासांत जातं आणि तिने ते आज, लोकांनी बघावं म्हणून लावलेलं असतं. त्यावर बोलणं म्हणजे तिने काढलेल्या विषयात भाग घेणं. डीपीवर बोललास की विषय तिच्या चेहऱ्याचा होतो, आणि तो तिने काढलेला नसतो.

आता बहिणीच्या बाजूकडे येते. तिचं मन बरोबर सांगतंय, पण ‘स्वभावाचं बोल’ एवढं ऐकून तू बहुधा लिहिशील, ‘तू खूप समजूतदार आहेस’ किंवा ‘तुझा स्वभाव खूप छान आहे.’ एका लग्नातल्या तीन तासांच्या ओळखीवर हे तुला कुठून कळलं? तिलाही हाच प्रश्न पडेल. सुंदर दिसत होतीस हे निदान तू डोळ्यांनी पाहिलेलं होतं. स्वभावाचा दाखला इतक्या लवकर दिलास तर तो दिसण्याच्या तारिफेपेक्षाही पोकळ वाटतो, कारण त्याच्यामागे काहीच नाही.

शिवाय स्वभावाचे काही शब्द आपल्याकडे आधीच लग्नाच्या बाजारात वापरून झिजलेत. साधी, घरंदाज, संस्कारी, मिळूनमिसळून राहणारी. प्रत्येक बायोडाट्यात हे असतं. एखाद्या मुलीला चौथ्या दिवशी ‘तू किती साधी आहेस’ म्हटलंस तर त्यात तुझी एक अपेक्षाही जाऊन बसते: उद्या तिने केस कापले, मैत्रिणींसोबत मनालीला गेली, तुझ्याशी वाद घातला, तर मग ती साधी राहील का? ‘तू बाकीच्या मुलींसारखी नाहीस’ हे तर मुलांना फार भारी वाक्य वाटतं. त्या बाकीच्या मुली म्हणजे तिच्या बहिणी, मैत्रिणी, तुमची ती नवरी. त्यांना खाली ढकलून तिला वर चढवलंस, तर उद्या तिलाही कुणाच्या तरी तुलनेत खाली ढकलशील, एवढं तिला कळतं.

अजून एक आपल्या भागातलं. तू अमळनेरचा, म्हणजे घरात अहिराणी असणार. ती फैजपूरकडची, तिकडे लेवा बोली ऐकू येते, आणि दोन्हींत बराच फरक आहे. तिच्या बोलण्याची लकब तुला गोड वाटली असेल आणि ‘तुझी भाषा किती क्यूट आहे’ असं लिहायचा मोह होईल. थांब. पुण्याला शिकायला गेलेल्या कित्येक मुलींना याच बोलण्यावरून चिडवलं गेलंय, त्यामुळे मुली गावाबाहेर ती जपून वापरतात. भाषेचं कौतुक करायचं तर तिच्याकडून एखादी गोष्ट शिकून घे, ‘याला तुमच्याकडे काय म्हणतात?’ असं विचार आणि तूही तुमच्याकडचा शब्द सांग. तेवढ्यावर अर्धा तास बोलणं होतं आणि कुणी कुणाला तपासत नाही.

तुझ्या पत्रात उत्तर तूच लिहून ठेवलंयस. साडी आणि खुर्ची. हे दोन तपशील तुला आठवले, मला सांगावेसे वाटले, आणि जिच्याबद्दल आहेत तिला मात्र तू ते कळवलेच नाहीस.

साडीचं बघ. ही दिसण्याची तारीफ होऊ शकते आणि तरीही तिच्या चेहऱ्यावर शेरा मारणारी नाही. तू असं लिहू शकला असतास: ‘ती साडी आजीची आहे म्हणालीस ना? लग्नात सगळ्या नव्या साड्यांमध्ये जुनी महेश्वरी नेसायची, हे मला फार आवडलं. तुला छान दिसत होती. आजीने स्वतःहून दिली, की तू मागून घेतलीस?’ यात ‘छान दिसत होती’ आहेच, लपवलेलं नाही. पण ते मध्ये आहे. सुरुवातीला तिने सांगितलेली गोष्ट आहे, म्हणजे तू ऐकत होतास हे तिला कळतं. मग तिची निवड आहे. शेवटी असा प्रश्न आहे ज्याचं उत्तर तिला द्यावंसं वाटेल, कारण ते आजीबद्दल आहे.

खुर्चीचं थोडं अवघड आहे, कारण तिथे ‘तू किती चांगली आहेस’ म्हणून मोकळं व्हायचा मोह होतो. ते टाळायचं. नुसतं जे घडलं ते लिहायचं. समजा तू असं लिहिलंस: ‘लग्नात तू त्या आजींना खुर्ची आणून दिलीस ते मी पाहिलं होतं. त्या तुमच्या नात्यातल्या का?’ एवढंच, विशेषण एकही नाही. ती बहुधा सांगेल की नाही, नवरीच्या आत्याच्या सासूबाई, हातात ताट धरून उभं राहायला जमत नव्हतं त्यांना. इथे दहातली नऊ मुलं लिहितील, ‘वा, ग्रेट आहेस तू!’ आणि ती पुन्हा ‘थँक्स’वर येईल. त्याऐवजी तू लिही, ‘आम्ही सगळे तिथेच उभे होतो, कुणाच्याच लक्षात आलं नाही. त्या तुला इतका वेळ काय सांगत होत्या? हसत होतीस तू.’ पहिलं वाक्य नीट वाच. त्यात तिची मोठी तारीफ आहे, पण तू ती तिच्या अंगावर टाकलेली नाहीस, आणि ती खोटी असायचा प्रश्नच नाही, कारण तू स्वतःच्या लक्षात न आल्याबद्दल बोलतोयस. ‘हसत होतीस तू’ यात तिच्या दिसण्याचीही नोंद आली. ती आता आजींनी काय सांगितलं ते सांगेल. तिथून पुढे तुला माझी गरज नाही.

प्रश्नांवर मी एवढा जोर देते त्याला आधार आहे. हार्वर्डच्या काही संशोधकांनी २०१७ मध्ये ओळखीपाळखीच्या गप्पा आणि स्पीड डेटिंगमधलं बोलणं तपासलं. जे लोक जास्त प्रश्न विचारतात, विशेषतः समोरच्याने नुकतं जे सांगितलं त्याला धरून पुढचा प्रश्न विचारतात, ते समोरच्याला जास्त आवडतात असं त्यांना दिसलं. स्पीड डेटिंगमध्ये असे पुढचे प्रश्न विचारणाऱ्यांना पुन्हा भेटायचा होकारही जास्त मिळाला. ‘धरून’ हे महत्त्वाचं. ‘जेवलीस का?’, ‘काय करी ऱ्हायनी?’, ‘अजून काय?’ हे प्रश्न कशालाच धरून नाहीत. आणि एकामागून एक पाच प्रश्न टाकलेस तर ती चौकशी होते. एक विचार, तिचं ऐक, मग स्वतःचंही काही सांग. तुझ्याही आजीचं काही असेल की.

लिहिण्यात एक अडचण बोलण्यापेक्षा जास्त आहे, आवाज नसतो. क्रूगर आणि एपली या मानसशास्त्रज्ञांनी २००५ मध्ये ईमेलवर प्रयोग केले होते. आपण हे गमतीत म्हटलंय की गंभीरपणे, हे समोरच्याला कळेलच अशी लिहिणाऱ्यांची खात्री होती, पण वाचणाऱ्यांना ते त्या मानाने बरंच कमी ओळखता आलं. लिहिताना आपल्या डोक्यात आपलाच आवाज वाजत असतो, म्हणून असं होतं. त्यामुळे सुरुवातीला चिडवत केलेली तारीफ, ‘एवढी नटून कुणासाठी आली होतीस?’ या जातीची, पूर्ण टाळ. समोर असतीस तर माझं हसू दिसलं असतं, असं तुला नंतर समजावत बसावं लागेल. रात्री साडेअकराला पाठवलेली साधी तारीफही वेगळी वाचली जाते. संध्याकाळी, तिची पतसंस्था सुटल्यानंतर आणि जेवणाच्या आधी लिही. आणि डोळ्यांत बदाम असलेला इमोजी अजून काही दिवस बाजूलाच राहू दे.

तर मग तू आत्ता काय करायचं? आधी आठ-दहा दिवस तारीफ बंद. बोलणं बंद नको, पण रोजचं गुड मॉर्निंगही नको. तू तिला आधीच तीन-चार तारिफा दिल्यास आणि त्या बदल्यात तिच्याबद्दल काही विचारलं नाहीस, तो तोल सावरायला थोडा वेळ लागेल. मग आजींचा मेसेज पाठव. तो जमला तर पुढच्या आठवड्यात कधीतरी साडीचा. दोन्ही एकाच दिवशी नको, पाठ करून आल्यासारखं वाटेल. नंतरच्या तारिफांसाठी नवे तपशील लागतील आणि ते तुला तिच्या बोलण्यातूनच मिळतील. पतसंस्थेत कर्जाचे हप्ते थकलेल्या माणसाशी ती कशी बोलली, मार्चअखेरीला किती उशिरा घरी गेली, हे ती सांगेल तेव्हा लक्ष दे. तपशील नसेल तर त्या दिवशी तारीफ करू नकोस, गप्पा मार.

दिसण्याबद्दल सरळ बोलायची वेळ येते, ती येऊच नये असं मी म्हणत नाही. आवडलेल्या माणसाकडून आपण छान दिसतो हे ऐकणं सगळ्यांनाच हवं असतं, आणि दोन महिने नुसतं तिच्या चांगुलपणाचं बोलत राहिलास तर तिला तू भाऊ वाटायला लागशील. ती वेळ तिच्या वागण्यातून ओळखता येते. ती स्वतःहून मेसेज करते, तुझ्याबद्दल प्रश्न विचारते, तू मागे सांगितलेलं तिला आठवतं, एखाद्या दिवशी स्वतःचा फोटो फक्त तुला पाठवते आणि ‘कसा आलाय?’ विचारते. यातलं दोनदा-तीनदा घडलं की मोकळेपणाने लिही, ‘या रंगात तू खूप गोड दिसतेस.’ तेव्हा तेच वाक्य कुणाही परक्याचं राहणार नाही. फोटो आलाय आणि तिने विचारलंय, तेव्हा मात्र ‘तुझं मन सुंदर आहे’ असलं काही लिहू नकोस. दिसण्याचं विचारलंय, दिसण्याचंच सांग.

हे वाचणाऱ्या मुलींसाठीही दोन वाक्यं. मुलांना दिसण्याबद्दल चांगलं फारसं कुणी बोलत नाही, आईनंतर तर कुणीच नाही. त्यामुळे ‘निळा शर्ट तुला शोभतो’ एवढं साधं लिहिलंत तरी ते त्याच्या बरेच दिवस लक्षात राहतं. अडचण अशी की काही मुलं त्याचा अर्थ होकार असा घेतात. तुम्ही अजून तिथवर आला नसाल तर वागण्याबद्दलचं, एखाद्या कामाबद्दलचं लिहा, ते मैत्रीत बसतं.

आणि आजींच्या मेसेजलाही ‘हो’ किंवा नुसती स्मायली आली तर? एकदाच, चार-पाच दिवसांनी, वेगळ्या विषयावर लिहून बघ. तेही थंड गेलं तर तिला रस नाही असं समजून थांब. ‘काही चुकलं का?’ हेही विचारू नकोस, कारण मग तुला बरं वाटावं म्हणून तिला काहीतरी शोधून लिहावं लागतं. छोटे रिप्लाय म्हणजे मुलगी लाजतेय, असं तुझा मित्र सांगेल. लाजणारी मुलगीसुद्धा प्रश्नाला उत्तर देते, उशिरा का होईना. मुलीने रस नसल्याचं स्पष्ट दाखवल्यावरही पुन्हा पुन्हा संपर्क करत राहणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे, मेसेजवरचं मागे लागणंही त्यात येतं. तू त्या वाटेवर नाहीस. पण हे सदर तुझ्यासारखी बरीच मुलं वाचतात, म्हणून लिहिलं.

शेवटी मित्राबद्दल. तिचे रिप्लाय छोटे होत गेलेत हे त्याला इतकं नेमकं माहीत आहे, म्हणजे तू त्याला चॅट दाखवतोस किंवा स्क्रीनशॉट पाठवतोस. ते आजपासून बंद कर. लग्न ज्याचं होतं तो तुझा मित्र, नवरी तिची मैत्रीण, आणि अमळनेरचा स्क्रीनशॉट चोपड्यामार्गे फैजपूरला पोचायला एक संध्याकाळ पुरते. तिने तुला आजीबद्दल काही लिहिलं, तर ते तुझ्यापाशीच राहू दे.